एक बटण, चार वेळा: ट्रायथलॉनच्या मल्टिस्पोर्ट मोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घड्याळात मल्टिस्पोर्ट मोड आहे, पहिली-दुसरी शर्यत तोंडावर आली आहे आणि ते बटण नेमकं कधी दाबायचं याची धाकधूक आहे, अशांसाठी हे पान आहे. प्रत्येक कंपनीचं प्रत्येक सेटिंग इथे सापडणार नाही. पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाताना नोंद कुठे बिघडते आणि बिघडलीच तर ती कशी सोडवायची, एवढाच इथला विषय आहे.

तीन वेगळ्या ॲक्टिव्हिटी एकामागून एक सुरू केल्या तर काय बिघडतं?

सरावात फारसं काही नाही. शर्यतीत मात्र प्रत्येक टप्प्याच्या शेवटी थांबवा, सेव्ह करा, यादीतून पुढचा खेळ शोधा, जीपीएसची वाट पाहा आणि पुन्हा सुरू करा, हे सगळं ओल्या बोटांनी आणि धापा टाकत करावं लागतं. त्या मधल्या मिनिटांची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे एकूण वेळ जुळत नाही. शिवाय बऱ्याच घड्याळांवर ‘सेव्ह’च्या यादीतच ‘डिस्कार्ड’ही असतं. दमलेल्या माणसाचा तिथे भरवसा नाही.

मल्टिस्पोर्ट मोडमध्ये घड्याळ एकदा सुरू होतं ते शेवटपर्यंत थांबत नाही. मधे बटण दाबलं की ते फक्त एक खूण करतं. नवी वही न काढता त्याच पानावर आडवी रेघ मारून पुढे लिहीत जावं, तसं.

म्हणजे फाइलमध्ये नेमकं काय लिहिलं जातं?

हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. बहुतेक स्पोर्ट्स घड्याळं फिट नावाच्या स्वरूपात फाइल लिहितात. तिच्यात दोन थर असतात. खालच्या थरात क्षणाक्षणाच्या नोंदी असतात: वेळ, ठिकाण, वेग, हृदयगती, सेन्सर जोडलेला असेल तर कॅडेन्स आणि पॉवर. वरच्या थरात टप्पे असतात: कुठून कुठपर्यंत पोहणं, कुठून सायकल. पूर्ण ट्रायथलॉनच्या फाइलमध्ये असे पाच टप्पे दिसतात.

```
session 1  sport=swimming    sub_sport=open_water
session 2  sport=transition  sub_sport=swim_to_bike_transition
session 3  sport=cycling
session 4  sport=transition  sub_sport=bike_to_run_transition
session 5  sport=running
```

तुमचं बटण फक्त या वरच्या थरातल्या सीमा ठरवतं. ते उशिरा दाबलं म्हणून खालच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्या चुकीच्या टप्प्याच्या नावावर जमा होतात, इतकंच. लोक ज्याला ‘डेटा गेला’ म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असतं.

एक अपवाद मात्र आहे. कोणते सेन्सर ऐकायचे हे घड्याळ चालू टप्प्यावरून ठरवतं. पोहण्याच्या टप्प्यात ते सायकलच्या पॉवर मीटरकडे सहसा कान देत नाही. त्यामुळे घड्याळ पोहण्यातच अडकलं आणि तुम्ही तीन किलोमीटर सायकल चालवलीत, तर तेवढ्या भागाचं ठिकाण आणि वेळ मिळेल, पण पॉवर आणि कॅडेन्स मिळणार नाही. ते नंतर कुठल्याही हिकमतीने परत येत नाहीत.

बटण नेमकं कधी दाबायचं?

सुरुवात आणि शेवट सोडले तर मधे चार वेळा. पहिल्यांदा पाण्यातून बाहेर येताना, दुसऱ्यांदा सायकलवर चढण्याच्या रेषेवर, तिसऱ्यांदा सायकलवरून उतरण्याच्या रेषेवर आणि चौथ्यांदा धावायला म्हणून ट्रान्झिशनमधून, म्हणजे सायकली ठेवतात आणि खेळ बदलतात त्या भागातून, बाहेर पडताना. पाच बटणांच्या गार्मिन घड्याळांवर हे काम उजवीकडचं खालचं, `Back`/`Lap` बटण करतं. ॲपल वॉच अल्ट्रावर ॲक्शन बटण करतं.

आयोजकांची अधिकृत वेळ घोट्यावरच्या चिपवरून आणि जमिनीवर अंथरलेल्या टायमिंग मॅटवरून ठरते. ट्रान्झिशनची वेळ सहसा त्या भागात शिरताना आणि बाहेर पडताना असलेल्या मॅटवर मोजतात. तुमचे आकडे निकालपत्राशी जुळायला हवे असतील तर बटणही त्याच मॅटवर दाबा. पाण्यात उभे राहिल्या राहिल्या दाबलं तर किनाऱ्यापासून मॅटपर्यंतचं धावणं टी१मध्ये, म्हणजे पोहणं आणि सायकल यांच्यामधल्या ट्रान्झिशनमध्ये, जातं आणि निकालपत्रातलं पोहणं तुमच्या घड्याळापेक्षा लांबलेलं दिसतं. दोन्ही पद्धती चालतात, पण दर शर्यतीत एकच ठेवा, नाहीतर मागच्या वेळेशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

दुसऱ्या वेळेबद्दल थोडं सविस्तर. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि त्याचा पट्टा बंद हवा, असा नियम असतो. तेव्हा रॅकपाशी हातांना पुरेशी कामं असतात. सायकल ढकलत रेषेकडे जाताना एक हात सीटवर असतो आणि दुसरा मोकळा, पण घड्याळ त्या मोकळ्याच हातावर असेल तर बटणापर्यंत बोट पोचणार कसं? सीट उजव्या हाताने धरत असाल आणि घड्याळ डाव्या मनगटावर असेल, तर चढण्याच्या आधी क्षणभर थांबूनच दाबावं लागतं. मी रेषा ओलांडली की उभ्या उभ्या दाबतो आणि मगच पाय टाकतो. दोन सेकंद जातात. सायकल चालू झाल्यावर, गर्दीत, एका हाताने घड्याळ शोधण्यापेक्षा ते बरं.

ट्रान्झिशन टप्पे बंद ठेवले तर दोनदाच दाबावं लागेल ना?

हो, पण मग चार-पाच मिनिटांचं चालणं, बसणं आणि बूट चढवणं सायकलच्या किंवा धावण्याच्या सरासरीत मिसळतं. ते चालूच ठेवा.

मला धावताना दर किलोमीटरला लॅप दाबायची सवय आहे. मल्टिस्पोर्टमध्येही तसंच करायचं ना?

नाही. सर्वांत जास्त फाइली याच सवयीपायी बिघडतात. बऱ्याच घड्याळांवर मल्टिस्पोर्ट चालू असताना तेच बटण लॅप न धरता पुढच्या टप्प्यावर नेतं. एरवी दर पाच किलोमीटरला लॅप दाबणारा सायकलस्वार सवयीने एकदा दाबतो, घड्याळ टी२मध्ये, म्हणजे सायकल आणि धावणं यांच्यामधल्या ट्रान्झिशनमध्ये, जातं, आणि ‘हे काय झालं’ म्हणून तो पुन्हा दाबतो. आता घड्याळ धावण्यात पोचलेलं असतं आणि सायकलचे पस्तीस किलोमीटर अजून बाकी असतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक खेळाच्या प्रोफाइलमध्ये ऑटो लॅप लावा, सायकलला ५ किलोमीटर, धावण्याला १. मग हाताने लॅप धरायची गरजच पडत नाही आणि शर्यतीत त्या बटणाला एकच अर्थ राहतो.

पोहताना बटण आपोआप दाबलं जातं का?

दाबलं जातं. मनगट मागे वाकलं की तळहाताच्या मागच्या भागाचा दाब बटणावर येतो, आणि वेटसूटची घट्ट बाही घड्याळावर चढलेली असेल तर ते आणखी सहज होतं. सुरुवातीच्या धक्काबुक्कीत दुसऱ्याचा हात लागतो ते वेगळंच. टचस्क्रीनवर पाण्याचे थेंबही स्पर्शासारखे वाचले जाऊ शकतात. म्हणून पोहण्याच्या टप्प्यात टच बंद ठेवा, आणि घड्याळात कळा लॉक करण्याची सोय असेल तर सुरू केल्यावर लगेच लॉक लावा.

लॉकचीही किंमत असते. बाहेर आल्यावर आधी तो उघडावा लागतो. ॲपल वॉचवर पोहणं सुरू झालं की वॉटर लॉक आपोआप लागतो आणि तो काढायला क्राउन दाबून धरावा लागतो. ही क्रिया कोरड्या हाताने इतक्यांदा करून पाहा की पाण्यातून उठताना ती आठवावी लागू नये. लॉक उघडलाच नाही आणि बटण दाबल्याचा भास झाला, अशीही उदाहरणं कमी नाहीत. दाबल्यावर घड्याळ थरथरतं. ती थरथर जाणवली नाही तर बटण दाबलं गेलंच नाही असं समजा आणि पडद्याकडे एकदा नजर टाका.

खेळ आपोआप ओळखणारं सेटिंग आहे. त्यावर विसंबावं का?

गार्मिनच्या काही घड्याळांवर ते `Auto Sport Change` नावाने आहे. ॲपलच्या मल्टिस्पोर्ट वर्कआउटमध्येही, म्हणजे २०२२ च्या वॉचओएस ९ पासून, आपोआप बदलण्याची सोय आहे. हाताच्या हालचालीचा नमुना आणि वेग बदलला की घड्याळ अंदाज बांधतं. पोहण्यातून धावण्यात जाताना हाताची हालचाल पूर्ण बदलते, त्यामुळे टी१ची सुरुवात ते बऱ्यापैकी पकडतं. पण टी१मध्ये माणूस धावतो, थांबतो, बसतो, सायकल ढकलत पळतो. यातली कोणती हालचाल म्हणजे सायकलिंग सुरू झालं, हे कळायला घड्याळाला काही वेळ सलग पुरावा लागतो. म्हणून सीमा थोडी मागेपुढे होते.

घरातल्या ट्रेनरवर सायकल आणि लगेच बाहेर धावणं अशा सरावात तर हे सेटिंग हमखास गोंधळतं, कारण सायकल जागची हलत नाही, जीपीएसचा वेग शून्य आणि हात हँडलवर स्थिर.

माझं मत असं: विसराळू असाल तर चालू ठेवा, पण बटण तुम्हीच दाबायचं. मात्र दोन्ही एकाच वेळी झालं तर दोन टप्पे पुढे उडी बसू शकते. म्हणून दाबण्याआधी पडद्यावर कोणता टप्पा आहे ते बघायची शिस्त हवी. ती जमत नसेल तर सेटिंग बंदच बरं.

शर्यतीआधी तालीम कशी करायची?

दहा मिनिटं पुरतात. ट्रायथलॉन सुरू करा, पोहण्याच्या टप्प्यात दोन मिनिटं नुसते चाला, लॉक लावा आणि काढा, मग दर दोन मिनिटांनी बटण दाबत शेवटपर्यंत जा. सेव्ह करा आणि फोनवर उघडून पाहा. पाच टप्पे दिसले, प्रत्येक साधारण दोन मिनिटांचा असला, की झालं. चारच दिसले तर एक दाबणं वाया गेलं होतं. ते कोणतं, हे शर्यतीत कळण्यापेक्षा इथे कळलेलं चांगलं.

टी१मध्ये बटण दाबायला विसरलो. आता काय?

ऑलिम्पिक अंतराची एक शर्यत घेऊ: १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. एक खेळाडू ३४ मिनिटं १० सेकंदांनी पाण्याबाहेर येतो आणि बटण विसरतो. साडेचार मिनिटांचं टी१ करून ३८:४० ला सायकलवर चढतो. तीन किलोमीटर गेल्यावर, ४४:४० ला, पडद्यावर सायकलच्या वेगाऐवजी ‘दर १०० मीटर’ अशी पोहण्याची गती दिसते आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

त्याने करायचं एकच: रस्ता मोकळा दिसला की बटण दोनदा दाबायचं. एकदा टी१साठी, पाच सेकंदांनी पुन्हा सायकलसाठी. थांबवायचं नाही, सेव्ह करायचं नाही, नवी ॲक्टिव्हिटी उघडायची नाही. घड्याळ योग्य टप्प्यावर आलं की सेन्सर जोडले जातात आणि पुढचं सगळं नीट लिहिलं जातं.

शर्यत संपल्यावर फाइल अशी दिसते. पोहणं ४४:४०, अंतर जवळपास ४.८ किलोमीटर, कारण १,५०० मीटर पोहण्यात टी१मधलं सुमारे ३०० मीटर पळणं आणि ३ किलोमीटर सायकल मिसळली आहे. गती निघते दर १०० मीटरला सुमारे ५६ सेकंद. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली बॉबी फिंकने १,५०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम १४:३०.६७ असा केला, तो दर १०० मीटरला ५८ सेकंद पडतो. आपला माणूस त्याच्यापेक्षाही वेगवान, आणि तेही तिप्पट अंतर! असा आकडा दिसला की खूण चुकली आहे हे ओळखायला दुसरा पुरावा लागत नाही. पुढे टी१ पाच सेकंदांचं दिसतं आणि सायकल ४० ऐवजी ३७ किलोमीटरची, १ तास १७ मिनिटं ५५ सेकंदांची.

आता काय शाबूत आहे ते पाहा. एकूण वेळ अगदी बरोबर आहे, कारण घड्याळ थांबलंच नाही. टी२ आणि धावणं बरोबर आहे. सायकलची सरासरीही फारशी हललेली नाही: खरी ४० किलोमीटरला १ तास २४ मिनिटं, म्हणजे ताशी २८.६. फाइलमधली ताशी २८.५. बिघडल्या आहेत त्या दोनच सीमा.

त्या शोधायच्या कशा? वेगाचा आलेख उघडा. पोहताना वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास सपाट असतो. पाण्याबाहेर येताच तो उसळतो, मग रॅकपाशी जवळजवळ शून्य होतो, पुन्हा थोडा वाढतो आणि सायकलवर बसल्यावर सेकंदाला आठ मीटरवर जातो. या पायऱ्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. नकाशावर माग पाण्यातून जमिनीवर येतो ती जागा ताडून पाहिली की सीमा काही सेकंदांच्या फरकाने सापडते. या उदाहरणात ३४:१० आणि ३८:४०. निकालपत्र लागलं असेल तर आलेखाचीही गरज नाही, त्यावरचे मॅटचे आकडे घ्या.

सीमा कळल्यावर दोन वाटा आहेत. फिट फाइल संपादित करणारी साधनं वापरून टप्पे नव्याने कापता येतात. किंवा फाइल तशीच ठेवून खरे आकडे ॲक्टिव्हिटीच्या टिपणात लिहून ठेवता येतात. मी बहुतेक वेळा दुसरंच करतो. एका शर्यतीच्या दोन सीमांसाठी संध्याकाळ घालवण्यात मला राम वाटत नाही. पोहण्याचा खोटा विक्रम मात्र वैयक्तिक विक्रमांच्या यादीतून काढून टाका, नाहीतर पुढे वर्षानुवर्षं तो वाकुल्या दाखवत बसेल.

उलट झालं: सायकल अर्धी असताना चुकून एकदा दाबलं गेलं आणि घड्याळ टी२मध्ये गेलं.

बहुतेक घड्याळं मागे जात नाहीत. म्हणून आता बटणाला हातच लावू नका. उरलेली सायकल टी२मध्येच चालवा. वेळ आणि माग लिहिला जातोय. पॉवरची नोंद तेवढ्यापुरती तुटू शकते, ती तुटू द्या. खऱ्या टी२मध्येही काही दाबायचं नाही. धावायला बाहेर पडलात की एकदाच दाबा. असं केलं तर धावणं अचूक राहतं आणि नंतर ‘टी२’च्या त्या लांबलचक टप्प्यात सायकल कुठे संपली एवढं एकच शोधावं लागतं. तिथे वेग एकदम शून्याकडे येतो, त्यामुळे शोधायलाही सोपं.

दोनदा दाबून धावण्यातच पोचला असाल तर तसंच पुढे जा. शेवटपर्यंत काही दाबू नका आणि दोन्ही सीमा नंतर कापा. शर्यतीच्या मधे घड्याळ थांबवून ‘नीट’ सुरू करण्याचा मोह आवरा.

मग डेटा खरोखर जातो कधी?

घड्याळ थांबलेलं असतं तेव्हा. माझ्याबाबतीत हे एकदा घडलं आहे. पाण्यातून बाहेर येताना अंगठा खालच्या बटणाऐवजी वरच्या, सुरू-बंदच्या बटणावर पडला. घड्याळ थरथरलं, मी खूश. सायकलवर बाराव्या किलोमीटरला पाहिलं तर पडद्यावर पुढे चालू ठेवण्याचा पर्याय माझी वाट बघत होता. टी१ आणि ते बारा किलोमीटर फाइलमध्ये नाहीतच. आलेख सोडवून, सीमा हलवून काही होत नाही, कारण खालच्या थरात नोंदच नाही. माग पाण्याच्या काठावरून थेट रस्त्याच्या मधोमध उडी मारतो, त्यावरून ही चूक ओळखता येते.

दुसरं तेच काम ऑटो पॉज करतं, फक्त गुपचूप. रॅकपाशी उभे राहिलात की ते घड्याळ थांबवतं आणि निघाल्यावर सुरू करतं. अंतर बरोबर राहतं, पण टी१ची वेळ कमी दिसते. ही गोष्ट तपासायला चालू वेळ आणि एकूण उलटलेला वेळ असे दोन आकडे असतात. त्यांत फरक असेल तर कुठेतरी घड्याळ थांबलं होतं. ऑटो पॉज हे प्रत्येक खेळाच्या प्रोफाइलमध्ये वेगळं असू शकतं, तेव्हा सायकल आणि धावणं दोन्हीकडे जाऊन बंद करा.

बॅटरी संपणं हे तिसरं कारण. घड्याळ नोंदी साठवत जात असल्यामुळे चार्ज केल्यावर तोपर्यंतची फाइल बऱ्याचदा सापडते. पण पूर्ण अंतराची शर्यत, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि ४२.२ धावणं असेल, तर जीपीएसचा सर्वांत अचूक आणि बॅटरी खाणारा मोड तुमच्या घड्याळावर किती तास टिकतो हे आधीच पाहून ठेवा.

मल्टिस्पोर्टमध्ये पोहण्याचा कोणता प्रकार निवडायचा?

तलावात, नदीत, समुद्रात पोहणार असाल तर ओपन वॉटर. स्विमिंग पूलचा प्रकार जीपीएस वापरत नाही. तो भिंतीपाशी घेतलेल्या वळणांवरून फेऱ्या मोजतो आणि त्यांना पूलच्या लांबीने गुणतो. खुल्या पाण्यात भिंतच नसते, त्यामुळे अंतर शून्याजवळ किंवा भलतंच येतं, आणि माग तर उमटतच नाही.

ओपन वॉटरमध्येही अंतर तंतोतंत येत नाही. जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही. हात पाण्यावर आला की घड्याळाला क्षणभर उपग्रह दिसतात आणि तेवढ्या तुकड्यांवरून ते माग जोडतं. ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्यांचा हात पाण्याखालीच राहतो, त्यांचा माग अधिक विस्कटतो. सुरुवातीच्या रांगेत उभे असताना, पाण्यात शिरण्याआधी, जीपीएस मिळाल्याची खात्री करा. पाण्यात शिरल्यावर ते मिळवणं फार कठीण जातं.

पोहण्याची हृदयगती कधी दिसते, कधी नाही. का?

मनगटावर घड्याळ आणि त्वचा यांच्यामध्ये पाणी शिरतं, म्हणून तिथलं मोजमाप अविश्वसनीय. छातीचा पट्टा नीट मोजतो, पण त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जातो. म्हणून पोहण्यासाठी बनवलेले पट्टे हृदयगती स्वतःच्या स्मृतीत साठवतात आणि नंतर घड्याळाकडे सोपवतात. गार्मिनच्या अशा पट्ट्यांबाबत घड्याळ सेव्ह करताना पट्टा जवळ असावा लागतो. शर्यत संपल्यावर आधी पट्टा काढून पिशवीत टाकला, पिशवी दुसऱ्याकडे दिली आणि मग सेव्ह केलं, तर पोहण्याची हृदयगती रिकामी राहते. आधी सेव्ह करा, मग पट्टा काढा.

सायकलचे सेन्सर टी१नंतर जोडलेच गेले नाहीत.

पॉवर मीटर आणि कॅडेन्स सेन्सर काही मिनिटं हलले नाहीत की झोपी जातात. सायकल रॅकवर तासभर उभी असते, तेव्हा ते झोपलेलेच असणार. पॅडल फिरलं की जागे होतात आणि थोड्या वेळात घड्याळाला सापडतात, त्यामुळे पहिल्या मिनिटात घाबरू नका. नवा सेन्सर जोडायचं काम मात्र ट्रान्झिशनच्या भागात करू नका. आजूबाजूला शेकडो सेन्सर असतात आणि शेजाऱ्याचं पॉवर मीटर तुमच्या घड्याळावर येऊन बसू शकतं. हे काम आदल्या दिवशी, एकट्या सायकलीसह करून ठेवा.

सेव्ह झाल्यावर फाइलला कुठे धोका असतो?

एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना. गार्मिन कनेक्टवरून स्ट्राव्हाकडे गेलेली ट्रायथलॉन तिथे एकत्र न दिसता पोहणं, सायकल, धावणं अशी वेगवेगळी दिसते. त्यात हे तीन खेळ हरवलेले नसतात. जीपीएक्समध्ये निर्यात केली की मात्र टप्प्यांची रचना जाते, कारण तो साधा मागाचा नमुना आहे. टीसीएक्समध्ये खेळाला तीनच नावं मिळतात, `Running`, `Biking` आणि `Other`, त्यामुळे पोहणं ‘इतर’ होऊन बसतं.

म्हणून जपून ठेवायची ती मूळ फिट फाइल. गार्मिन कनेक्टच्या वेबसाइटवर मूळ फाइल निर्यात करण्याचा पर्याय आहे. ती झिपमध्ये उतरते. दुरुस्ती करायची असेल तर हिच्या प्रतीवर करा. आणि फोनवर पाचही टप्पे उघडून पाहिल्याशिवाय घड्याळातली ॲक्टिव्हिटी पुसू नका.